कोड मागितला आणि उत्तर आलं ‘थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा’: तो ‘थोडा वेळ’ नेमका किती?

नंबर टाकला, ‘कोड पाठवा’ दाबलं, एसएमएस आला नाही. पुन्हा दाबलं, तरी आला नाही. तिसऱ्यांदा दाबल्यावर स्क्रीनवर आलं, Too many attempts. Try again later. आता ‘नंतर’ म्हणजे कधी, हे कुठेच लिहिलेलं नसतं. मग माणूस पाच मिनिटांनी दाबून बघतो, दहा मिनिटांनी बघतो, अर्ध्या तासाने बघतो, आणि जे कुलूप तासाभरात उघडलं असतं ते दिवसभर बंद राहतं.

ही चूक मी इतक्या जणांकडून होताना पाहिली आहे की सगळा क्रम एकदा नीट लिहून ठेवते. हा लेख एकाच प्रसंगाबद्दल आहे. नंबर तुमचा आहे, सिम तुमच्याजवळ आहे, पण वारंवार मागणी झाल्यामुळे सेवा कोड पाठवायला नकार देते आहे आणि किती थांबायचं ते सांगत नाही.

## १. आधी हात थांबवा आणि वेळ लिहा

पहिलं काम म्हणजे काहीही न दाबणं. दुसरं काम म्हणजे घड्याळ बघून, शेवटचं बटण किती वाजता दाबलं ते कागदावर लिहिणं. पहिल्यांदा कधी दाबलं ते आठवलं नाही तरी चालेल, शेवटची वेळ मात्र हवीच. पुढचा सगळा हिशेब तिच्यावर उभा आहे.

हे का, ते समजून घ्या, म्हणजे मध्येच बोट शिवशिवणार नाही. तुमच्या नंबरावर किती मागण्या आल्या हे सेवेचा सर्व्हर मोजत असतो. मोजण्याच्या पद्धती साधारण तीन असतात. पहिलीत पहिल्या मागणीपासून ठरावीक काळ धरला जातो, समजा दहा मिनिटं, आणि तो संपला की मोजणी शून्यावर येते. दुसरीत ‘आत्तापासून मागच्या इतक्या वेळात किती मागण्या झाल्या’ हे सतत पाहिलं जातं, म्हणजे जुनी मागणी मागे पडते तशी एकेक जागा मोकळी होते. तिसरी सगळ्यात कडक. तिच्यात नाकारलेली मागणीही मोजली जाते आणि प्रत्येक नकारासोबत थांबण्याचा काळ वाढत जातो.

तुमच्यासमोरची सेवा यातली कोणती पद्धत वापरते हे बाहेरून कळत नाही. पण शेवटच्या मागणीपासून वेळ मोजली आणि मध्ये काही दाबलं नाही, तर तिन्ही पद्धतींत तुमचा हिशेब बरोबर येतो. पहिल्या मागणीपासून मोजलं तर तो फक्त पहिल्या पद्धतीत पूर्ण बरोबर येतो. म्हणून शेवटची वेळ.

सावध: फोनचं घड्याळ पुढे केल्याने काही होत नाही. मोजणी सर्व्हरवर आहे, फोनमध्ये नाही. उलट वेळ चुकली की ऑथेंटिकेटर अ‍ॅपमधले कोड नाकारले जाऊ लागतात, कारण ते फोनच्या घड्याळावरूनच तयार होतात.

सावध: अ‍ॅप काढून पुन्हा टाकू नका. त्यानेही सर्व्हरवरची मोजणी पुसली जात नाही, आणि मेसेजिंग अ‍ॅप असेल तर बॅकअप न घेतलेल्या गप्पा कायमच्या जाऊ शकतात. जुन्या फोनवर खातं अजून चालू असेल तर तिथून लॉगआउट करू नका आणि तो फोन रीसेटही करू नका. कधी कधी आत जायचा तोच एक दरवाजा उरलेला असतो.

## २. संदेश शब्दशः वाचा, शक्य असेल तर स्क्रीनशॉट घ्या

‘नंतर प्रयत्न करा’ एवढंच लोकांच्या लक्षात राहतं. त्या आधीचं अर्धं वाक्य बहुतेक जण वाचतच नाहीत, आणि कारण नेमकं तिथे असतं.

संदेशात वेळ दिलेली असेल तर प्रश्न मिटला. ती वेळ प्रमाण मानायची, वर पाच मिनिटं सोडायची आणि मगच दाबायचं. काही सेवा ही वेळ सेकंदांत सांगतात. टेलिग्रामला जोडलेल्या साधनांमध्ये FLOOD_WAIT_3600 असं काही दिसलं, तर शेवटचा आकडा म्हणजे थांबायचे सेकंद. ३६०० म्हणजे एक तास, ८६४०० म्हणजे अख्खे चोवीस तास. अ‍ॅप उलटी मोजणी दाखवत असेल तर ती कधी संपते ते घड्याळाच्या वेळेत लिहून ठेवा, कारण अ‍ॅप बंद केल्यावर ती परत दिसेलच असं नाही.

वेळ दिलेली नसेल तर संदेश कशाबद्दल बोलतो ते बघा. अ‍ॅपलच्या खात्यासाठी अनेकदा कोड मागितला की Too many codes have been sent असं सांगून, शेवटचा आलेला कोड टाका किंवा तुमचं दुसरं उपकरण वापरा, असाही पर्याय दिला जातो. म्हणजे तिथे थांबण्याची गरजच नसू शकते, हातात आलेला कोड कदाचित अजून चालतो. पुष्कळ लहान अ‍ॅप्स कोड पाठवायला गुगलचं फायरबेस वापरतात. त्यांच्यात We have blocked all requests from this device due to unusual activity. Try again later. हे वाक्य दिसतं. इथे device हा शब्द महत्त्वाचा आहे. अडवलं आहे ते उपकरणाला, त्यामुळे सिमशी खटपट करून काही मिळणार नाही. ब्राउझरमध्ये नुसतं 429 Too Many Requests आलं, तर तुमच्याकडून किंवा तुमच्या नेटवर्कवरून मागण्या जास्त झाल्या एवढाच त्याचा अर्थ.

आणखी एक फरक आहे, जो हमखास निसटतो. कोड मागण्याची मर्यादा वेगळी आणि कोड टाकण्याची मर्यादा वेगळी. चुकीचा कोड अनेकदा टाकल्यावर आलेलं ‘नंतर प्रयत्न करा’ हे दुसऱ्या मोजणीचं असतं. तिथे अंदाजाने आकडे टाकणं म्हणजे कुलूप आणखी घट्ट करणं, कारण चोरही तेच करतो आणि सर्व्हरला दोघांतला फरक दिसत नाही.

तपासा: हा नकार तुमच्या अगदी पहिल्याच मागणीला आला का? तसं असेल तर थांबण्याचा विचार बाजूला ठेवा आणि थेट पाचव्या टप्प्यावर जा. जे मोजलंच गेलं नाही, ते थांबल्याने कमी होणार नाही.

## ३. कोड आधीच कुठे येऊन पडला आहे का ते बघा

थांबण्याचा वेळ वाया घालवायचा नसतो. आधीचे कोड गेले कुठे, हे याच वेळात शोधायचं. ते कारण सापडलं नाही तर चोवीस तास थांबून मिळालेली पुढची मागणीही तशीच वाया जाईल.

कोड दर वेळी एसएमएसनेच येतो असं नाही. टेलिग्राममध्ये तुमचं खातं दुसऱ्या फोनवर किंवा संगणकावर चालू असेल, तर कोड आधी तिथल्या टेलिग्राममध्येच येतो. लोक एसएमएसची वाट बघत बसतात आणि कोड टेबलावरच्या संगणकात पडलेला असतो. अ‍ॅपलचा कोड तुमच्या दुसऱ्या विश्वासू उपकरणावर दिसू शकतो. गुगल कधी कोड न पाठवता दुसऱ्या फोनवर ‘तुम्हीच का?’ असं विचारतं.

एसएमएसच असेल, तर आधी स्पॅमचा आणि अडवलेल्या संदेशांचा कप्पा उघडा. मग एखाद्या ओळखीच्या माणसाला त्या नंबरावर साधा एसएमएस पाठवायला सांगा. चॅट अ‍ॅपवरचा संदेश नको, एसएमएसच हवा. तुम्ही पाठवलेला एसएमएस गेला म्हणजे येणारा येईल, असंही धरू नका. ओळखीच्याचा संदेश आला नाही, तर अडचण तुमच्या सिमची, रेंजची किंवा फोनच्या सेटिंगची आहे आणि ती आधी सोडवायची. अर्धा मिनिट फ्लाइट मोड लावून काढा, फोन बंद करून चालू करा, दोन सिम असतील तर ज्या नंबरावर कोड मागितला ते सिम चालू आहे ना ते सेटिंगमध्ये बघा.

फोन बंद किंवा रेंजबाहेर असला की एसएमएस हरवत नाही. तो मोबाईल कंपनीच्या संदेश केंद्रात काही काळ ठेवला जातो आणि फोन सापडला की पोचवला जातो. म्हणून रेंज आल्याबरोबर तीन-चार कोड एकदम धडकतात. इथे घाई झाली की दुसरं कुलूप लागतं, मागण्याचं नव्हे तर टाकण्याचं.

सावध: एकदम आलेले कोड एकामागून एक टाकून बघू नका. कोडचं आयुष्य साधारण काही मिनिटांचंच असतं, आणि बऱ्याच सेवांत नवा कोड निघाला की जुना मरतो. शेवटची मागणी दहा मिनिटांपेक्षा जुनी असेल आणि संदेशात वेगळी मुदत लिहिलेली नसेल, तर सगळेच कोड मेलेले समजा. तेवढ्या वेळाच्या आतले असतील तर सगळ्यात शेवटी पाठवलेला कोड एकदाच टाका. शेवटी पोचलेला आणि शेवटी पाठवलेला, हे एकच असतील असं नाही. काही फोनवर संदेशाच्या तपशिलात पाठवल्याची आणि मिळाल्याची वेळ वेगवेगळी दिसते, ती बघा.

## ४. किती थांबायचं: तीन पायऱ्या

वेळ सांगितलेली नसेल तेव्हा मी तीन पायऱ्या धरते: पंधरा मिनिटं, एक तास, चोवीस तास. हा कुठल्या सेवेचा नियम नाही. मर्यादा साधारण ज्या काळांवर बांधलेल्या असतात, त्यांवरून काढलेला हा अंदाज आहे.

पहिली पायरी, पंधरा मिनिटं. तुम्ही मोजून तीन-चारदाच दाबलं असेल आणि नकार एकदाच पाहिला असेल, तर ही. पुष्कळ अ‍ॅप्स स्वतः कोड पाठवत नाहीत, ते काम दुसऱ्या कंपनीला देतात. अशा कंपन्यांपैकी एक म्हणजे ट्विलिओ. तिच्या पडताळणी सेवेत मुळात ठेवलेली मर्यादा अशी आहे: एका पडताळणीचं आयुष्य दहा मिनिटं, त्यात जास्तीत जास्त पाच वेळा कोड पाठवता येतो आणि पाच वेळा टाकून बघता येतो. दहा मिनिटं झाली की ती पडताळणी संपते आणि नवी सुरू होऊ शकते. दहा मिनिटांवर पाच मिनिटं सोडली की झाली पंधरा. अ‍ॅपने स्वतःची आणखी कडक मर्यादा वर घातली नसेल, तर एवढ्यात काम होतं.

दुसरी पायरी, एक तास. पंधरा मिनिटांनंतरच्या एका प्रयत्नालाही नकार आला, किंवा तुम्ही आधीच नकार येऊनही दोन-तीनदा दाबून बसला आहात, तर ही. तास मोजायचा तो शेवटच्या नकारापासून, तोही पूर्ण, आणि वर पाच मिनिटं.

तिसरी पायरी, चोवीस तास. तासानंतरही नकार आला, तर मधले सगळे टप्पे सोडून द्या. तीन तासांनी बघू, रात्री बघू, असं करायचं नाही. एका तासात न उघडलेलं कुलूप बहुधा दिवसाच्या मोजणीवर चालतं, आणि दिवसाची मोजणी नेहमी मध्यरात्री शून्यावर येत नाही. ती मागच्या चोवीस तासांची असू शकते. सर्व्हरची मध्यरात्र तुमच्या मध्यरात्रीशी जुळेल याचीही खात्री नाही. म्हणून बारा वाजून एक मिनिटाला दाबण्यात काही हशील नाही.

कोणी विचारेल, चार तासांनी उघडणारं कुलूप असेल तर उगाच वीस तास गेले ना? गेले. पण चार तासांनी केलेला प्रयत्न चुकला आणि सेवा तिसऱ्या पद्धतीची असली, तर चोवीस तास पुन्हा पहिल्यापासून सुरू होतात. खात्याची गरज आज संध्याकाळीच असेल, तर पुढे सांगितलेले एसएमएसशिवायचे मार्ग वापरा. कुलपाशी झटापट नको.

प्रत्येक पायरीनंतर एकच प्रयत्न. नकार आला की वेळ लिहायची आणि पुढच्या पायरीवर जायचं. त्याच पायरीवर दुसरा प्रयत्न नाही.

तपासा: या काळात तुम्ही न मागितलेले कोड येत आहेत का? तसं असेल तर तुमचा नंबर दुसरंच कोणी टाकतं आहे आणि तुमच्या वाट्याच्या मागण्या तोच संपवतो आहे. चुकून एखादा आकडा इकडचा तिकडे झालेला माणूसही असू शकतो. तुम्ही कितीही शांत बसलात तरी त्याच्या मागण्यांनी मोजणी वाढत राहील. अशा वेळी चोवीस तासांच्या पायरीत न अडकता सेवेच्या मदत विभागाला कळवा.

सावध: याच वेळात ‘तुमचं खातं मोकळं करून देतो, आलेला कोड सांगा’ असा फोन किंवा संदेश आला तर तो फसवणुकीचा आहे. कोड ज्याच्या हातात, खातं त्याचं. सेवेचा खरा माणूस कोड विचारत नाही.

## ५. पहिल्याच मागणीला नकार आला असेल तर

इथे वाट बघण्याआधी तीन गोष्टी पाहायच्या.

नंबर कसा लिहिला आहे? देशाचा कोड वरच्या खान्यात निवडलेला असताना तोच पुन्हा नंबराआधी टाकला जातो, किंवा नंबराच्या सुरुवातीला शून्य राहून जातो. काही अ‍ॅप्स ‘नंबर चुकीचा’ असं स्पष्ट सांगतात, काही सरळ ‘नंतर प्रयत्न करा’ म्हणून मोकळी होतात.

तुम्ही कुठल्या नेटवर्कवर आहात? वसतिगृह, कार्यालय, ग्रंथालय अशा ठिकाणच्या वाय-फायवर शेकडो माणसं बाहेरच्या जगाला एकाच पत्त्यावरून आलेली दिसतात. व्हीपीएनचंही तसंच. तिथे कोटा आधीच कुणीतरी संपवलेला असतो. व्हीपीएन बंद करा, वाय-फाय सोडून मोबाईल डेटावर या, आणि एकदा मागा. एकदाच. पाच नेटवर्कं बदलून पाचदा मागितलं तर ते नेमकं हल्लेखोरासारखं दिसतं.

आणि सेवा स्वतः ठीक आहे ना? मोठ्या सेवांचं स्थितीदर्शक पान असतं. तिथे बिघाड दाखवत असेल तर तुमचा काही दोष नाही. तो दुरुस्त झाल्याचं दिसल्यावरच मागा.

हे तिन्ही ठीक असूनही नकार आला, तर तो पहिला नकार समजून चौथ्या टप्प्यातल्या पायऱ्या सुरू करा. इंटरनेटवरून घेतलेला आभासी नंबर असेल तर मात्र वाट बघण्यात अर्थ नसतो. पुष्कळ सेवा असे नंबर घेतच नाहीत आणि नकाराचं खरं कारण सांगत नाहीत.

## ६. एक प्रसंग, घड्याळासकट

मावशीने नवा फोन घेतला आणि सकाळी मेसेजिंग अ‍ॅप सुरू करायला बसली. ९:१० ला कोड मागितला, आला नाही. ९:१२ आणि ९:१५ ला पुन्हा. तिसऱ्यानंतर ‘नंतर प्रयत्न करा’ आलं, वेळ दिलेली नव्हती. मग तिने ९:२५, ९:४० आणि १०:०५ ला दाबून पाहिलं. तिन्ही वेळा नकार. १०:३० ला मला फोन आला.

मी तिला आधी अ‍ॅप तसंच ठेवायला सांगितलं आणि माझ्या फोनवरून तिला साधा एसएमएस पाठवला. आला नाही. म्हणजे कोड सेवेने पाठवले असतीलही, पण ते पोचत नव्हते. नव्या फोनमध्ये दोन सिम होती आणि फोन सुरू करताना दुसरं सिम बंद राहिलं होतं. नेमका तोच नंबर अ‍ॅपचा. सेटिंगमधून ते सिम चालू केलं आणि मिनिटभरात चार संदेश आले. एक माझा आणि तीन कोड.

मावशीने लगेच विचारलं, यातला कुठला टाकू? एकही नाही. शेवटचा कोड ९:१५ चा, म्हणजे सव्वा तासापेक्षा जुना. पुढचे तीन नकारच होते, त्यांचा कोड निघालेलाच नव्हता. तीन संदेश आणि सहा मागण्या हा हिशेब तिथे जुळला.

आता थांबायचं किती? शेवटचा प्रयत्न १०:०५ चा. त्यानंतर पंधरा मिनिटं होऊन गेली होती, पण तिने नकार चारदा पाहिला होता, म्हणून पहिली पायरी सोडून दुसरी धरली. १०:०५ अधिक एक तास अधिक पाच मिनिटं, ११:१०. तोवर गजर लावला. ११:१० ला वाय-फाय बंद करून मोबाईल डेटावर एकदा मागितला. नकारच आला.

मग चोवीस तास, तेही ११:१० पासून. दुसऱ्या दिवशी ११:१५. तोपर्यंत जुन्या फोनवर अ‍ॅप चालू होतं. तिने त्यातून लॉगआउट केलेलं नव्हतं, हे फार बरं झालं. दिवसभर ती तिथूनच बोलत राहिली. संध्याकाळी एकदा म्हणाली, ‘आता उघडलं असेल गं, बघू का?’ मी नको म्हटलं. उघडलं असतंही कदाचित. दुसऱ्या दिवशी ११:१५ ला एकदाच दाबलं, कोड लगेच आला, पहिल्याच प्रयत्नात खातं सुरू झालं.

खरी चूक ९:१२ ची होती. पहिला कोड आला नाही तेव्हाच ओळखीच्याकडून एक एसएमएस मागवून पाहिला असता, तर बंद सिम सव्वानऊच्या आत सापडलं असतं आणि पुढचं काहीच घडलं नसतं.

## ७. थांबून झाल्यावरचा तो एक प्रयत्न

हा प्रयत्न मौल्यवान आहे, त्यामुळे बटणाआधी या क्रमाने तयारी करा.

आधी ओळखीच्याकडून पुन्हा एक साधा एसएमएस मागवा आणि तो आल्याची खात्री करा. व्हीपीएन बंद. मोबाईल डेटा किंवा घरचं वाय-फाय, दोन्हीपैकी एक, मध्ये बदलायचं नाही. जुने कोडवाले संदेश पुसून टाका, म्हणजे गडबडीत जुना कोड टाकला जाणार नाही. नंबर एकदा मोठ्याने वाचा, देशाच्या कोडपासून.

मग एकदा दाबा आणि अ‍ॅपमधून बाहेर न पडता थांबा. एसएमएस काही सेकंदांत येतो, पण मिनिट-दोन मिनिटंही लागू शकतात. ‘पुन्हा पाठवा’चं बटण तीस सेकंदांनी उजळतं, याचा अर्थ ते तीस सेकंदांनी दाबलंच पाहिजे असा नाही. मी पूर्ण पाच मिनिटं देते.

पाच मिनिटांत आला नाही आणि तिथे फोन कॉलने कोड घेण्याचा पर्याय दिसत असेल, तर पुन्हा एसएमएस मागण्यापेक्षा तो एकदा वापरा. काही सेवांमध्ये एसएमएसच्या उलट्या मोजणीनंतर तो उघडतो. कॉल येईल तेव्हा फोन तुमच्या हातात हवा आणि लाईन मोकळी हवी. कॉल उचलला गेला नाही तर कोड व्हॉइसमेलमध्ये बोलला जाऊ शकतो, आणि व्हॉइसमेलला पासवर्ड नसेल तर तो दुसऱ्या कुणालाही ऐकता येऊ शकतो.

तपासा: कोड आला तर आकडे बघून सावकाश टाका. एकदा चुकलं तर पुन्हा नीट वाचून टाका. दुसऱ्यांदाही नाकारला तर थांबा आणि तो खरंच याच मागणीचा आहे का ते वेळेवरून पडताळा.

## ८. चोवीस तासांनंतरही तेच उत्तर आलं तर

मी आणखी एकदाच चोवीस तास देते, तेही मध्ये न मागितलेले कोड आले नसतील तर. त्यानंतर हा वाट बघण्याचा प्रश्न राहत नाही. नंबर किंवा उपकरण अडवलं गेलं असेल, किंवा सेवेचा आणि मोबाईल कंपनीचा मधला मार्ग तुटलेला असेल. दोन्ही गोष्टी तुमच्या थांबण्याने सुटत नाहीत.

एसएमएसशिवायचे मार्ग खरं तर याआधीच पाहायला हवेत. गुगल खात्यात दोन टप्प्यांची पडताळणी लावताना दहा बॅकअप कोडांची यादी घेता येते. प्रत्येक कोड आठ अंकी आणि एकदाच चालणारा. ती यादी छापून ठेवली असेल तर आत्ता शोधा. ऑथेंटिकेटर अ‍ॅप जोडलेलं असेल तर त्यातला कोड दर तीस सेकंदांनी फोनमध्येच तयार होतो. कुणी पाठवायचा नसतो, त्यामुळे पाठवण्याची मर्यादा त्याला लागत नाही.

यातलं काहीच नसेल तर मदत विभागाला लिहा. ‘कोड येत नाही’ एवढंच लिहिलं तर उत्तरात ‘थोड्या वेळाने प्रयत्न करा’ हेच परत येतं. असं लिहा:

> माझा नंबर (देशाच्या कोडसह) … आहे. शेवटची मागणी … तारखेला … वाजता, … या वेळ-विभागात केली. त्याआधी चोवीस तासांत एकही मागणी केलेली नाही. स्क्रीनवरचा संदेश शब्दशः असा: … स्क्रीनशॉट जोडला आहे. या नंबरावर इतर एसएमएस व्यवस्थित येत आहेत. व्हीपीएन वापरलेलं नाही, मोबाईल डेटावरून मागणी केली आहे. कृपया हा नंबर किंवा उपकरण तुमच्याकडे अडवलेलं आहे का ते पाहावं.

‘चोवीस तासांत एकही मागणी नाही’ हे वाक्य खरं असेल तरच लिहा. त्यांच्याकडे प्रत्येक मागणीची नोंद वेळेसकट असते आणि ते आधी तीच बघतात. उत्तराची वाट बघतानाही बटण दाबू नका. मदत करणाऱ्याने तुमच्या नंबरावरची मोजणी पुसली आणि तुम्ही त्याच सुमारास तीनदा दाबलं, तर ती पुन्हा भरते.

इतर ठिकाणांहूनही एसएमएस येत नसतील, तर हे पत्र सेवेला न लिहिता मोबाईल कंपनीच्या ग्राहक सेवेला फोन करा. या नंबरावर येणारे व्यावसायिक संदेश किंवा छोट्या नंबरांवरून येणारे संदेश अडवलेले आहेत का, एवढंच नेमकं विचारा. ते सुरू झाल्याचं त्यांनी सांगितलं की दुसऱ्याच एखाद्या सेवेचा कोड मागवून बघा. तो आला, तरच अडकलेल्या सेवेकडे पुढची मागणी करा.